छतावरचे मार्कर आणि चाकांची चुकणारी मोजणी

गोदामात फिरणाऱ्या रोबोची जागा चाकांच्या फेऱ्यांवरून मोजत गेले, तर ती मोजणी हळूहळू खऱ्या जागेपासून सुटत जाते. या मोजणीला ओडोमेट्री म्हणतात. दोन्ही चाकांना एन्कोडर असतो, फेऱ्या मोजून प्रत्येक चाक किती पुढे गेले ते कळते आणि दोघांतल्या फरकावरून रोबो किती वळला हे काढले जाते. अंतराची चूक फारशी त्रास देत नाही. घात करते ती दिशेची चूक.

एक साधे गणित पाहण्यासारखे आहे. 150 मिलिमीटर व्यासाची दोन चाके 450 मिलिमीटर अंतरावर बसवली आहेत आणि झीज किंवा भार यांमुळे एका चाकाचा व्यास अर्धा मिलिमीटर कमी झाला आहे. दोन्ही चाके सारखीच फिरली आणि 10 मीटर अंतर कापले, तर दोघांच्या वाटेत सुमारे 33 मिलिमीटरचा फरक पडतो. 33 ला 450 ने भागले की 0.074 रेडियन, म्हणजे सव्वाचार अंशांच्या आसपास. मोजणीच्या मते रोबो सरळच चालला आहे, प्रत्यक्षात तो 10 मीटरअखेर जवळजवळ 37 सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे रबरी चाकाच्या एका हंगामाच्या झिजेचीही बाब नव्हे.

या चुकीचा नेमाने येणारा भाग आधी काढून टाकावा. त्यासाठी मिशिगन विद्यापीठातल्या बोरेनस्टाईन आणि फेंग यांनी 1990च्या दशकात मांडलेली चाचणी आजही पुरेशी आहे. रोबोला 4 मीटर बाजूच्या चौकोनावर पाच वेळा घड्याळाच्या दिशेने आणि पाच वेळा उलट फिरवायचे, प्रत्येक फेरीअखेर तो मूळ खुणेपासून किती हुकला ते मोजायचे. दोन्ही दिशांच्या चुका तुलनेला ठेवल्या की चाकांच्या व्यासातला फरक आणि चाकांमधले खरे अंतर वेगवेगळे काढता येते. एकाच दिशेने फिरवून भागत नाही, कारण तेव्हा या दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. हे केल्यावरही घसरण, फरशीचे सांधे, सांडलेल्या धान्यावरून गेलेले चाक यांची चूक उरतेच. पुढच्या हिशेबासाठी ती 10 मीटरला एक अंश धरली आहे. ही चूक फक्त बाहेरची एखादी पक्की खूणच पुसू शकते.

ही खूण जमिनीवरही लावता येते आणि अनेक मोठ्या गोदामांत ती तशीच लावतात. पण ज्या गोदामात त्याच वाटेने फोर्कलिफ्ट, हातगाड्या आणि हमाल फिरतात, तिथे जमिनीवरचा स्टिकर फार दिवस टिकत नाही. छतावरच्या मार्करला कोणाचा पाय लागत नाही, त्याचे तोंड खाली असल्याने त्यावर धूळ बसत नाही आणि पॅलेटचा डोंगर लागला तरी वरचे दृश्य सहसा मोकळे असते. बदल्यात दोन गोष्टी पत्कराव्या लागतात. मार्कर दूर असल्याने कॅमेऱ्याचा जरासा कल मोठी चूक घडवतो, आणि मार्कर नेमका कुठे आहे हे मोजण्याचे काम शिडीवर चढून करावे लागते.

उदाहरणासाठी भिवंडीकडच्या जुन्या पद्धतीचे एक गोदाम धरू: छताच्या आडव्या पर्लिनपर्यंत साडेपाच मीटर उंची, 40 मीटर लांबीच्या रॅकच्या गल्ल्या, ताशी साडेचार किलोमीटरच्या आत, म्हणजे सेकंदाला 1.2 मीटरने चालणारा रोबो. कॅमेरा रोबोच्या पाठीवर जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर, थेट वर पाहणारा. म्हणजे कॅमेरा ते मार्कर अंतर 5 मीटर. कॅमेरा 1280 बाय 720 पिक्सेलचा आणि लेन्स अशी की फोकल लांबी 1000 पिक्सेल भरते. अशा कॅमेऱ्याला छताचा 6.4 मीटर लांब आणि 3.6 मीटर रुंद पट्टा दिसतो. लांब बाजू चालण्याच्या दिशेने ठेवावी. गल्लीत रुंदीचे दृश्य वाया जाते, लांबीचे कामी येते.

मार्कर म्हणून एप्रिलटॅग या जातीचा `tag36h11` संच घ्यावा. एप्रिलटॅग 2011 मध्ये एडविन ओल्सन यांनी मांडला, तोही मिशिगन विद्यापीठातूनच. या संचात 587 वेगवेगळे क्रमांक आहेत, एका गोदामाला ते भरपूर होतात, त्यामुळे एक क्रमांक दोनदा वापरण्याचा मोह नसावा. `tag16h5` सारखे कमी चौकटींचे संच लांबून वाचायला सोपे, पण ते पत्र्याच्या सांध्यांत आणि दिव्यांच्या जाळ्यांत नसलेले मार्कर पाहतात. छतासाठी ते टाळलेले बरे.

आकार ठरवण्याचा नियम सरळ आहे: मार्करमधली प्रत्येक छोटी चौकट चित्रात किमान पाच पिक्सेल भरावी. `tag36h11` ची काळी चौकट आठ घरांची असते. काळ्या कडेपासून काळ्या कडेपर्यंत 20 सेंटिमीटरचा मार्कर 5 मीटरवरून 40 पिक्सेल दिसतो, म्हणजे घराला पाच. त्याभोवती एका घराची पांढरी किनार हवीच, ती कापली तर मार्कर ओळखलाच जात नाही. किनारीसह तो 25 सेंटिमीटर होतो, म्हणून ए4 कागदावर मावत नाही, ए3 लागतो. छापताना पानात बसवण्याचा पर्याय बंद करावा आणि छापून आल्यावर काळी बाजू पट्टीने मोजावी. लॅमिनेशन मॅट असावे. चकचकीत लॅमिनेशनमध्ये दिवा उमटतो आणि मार्करचा एक कोपरा गायब होतो. कागद तसाच न चिकटवता 3 मिलिमीटरच्या एसीपी शीटवर चिकटवावा. फ्लेक्सवर छापलेला मार्कर काही आठवड्यांत पोट काढतो.

आता या व्यवस्थेचा गाभा. मार्करवरून रोबोची जागा काढणे सोपे आहे: अर्धा पिक्सेल चूक झाली तरी 5 मीटरवर ती अडीच मिलिमीटरच होते. पण वर पाहिल्याप्रमाणे ओडोमेट्री बिघडते ती दिशेत, आणि एकट्या मार्करवरून मिळणारी दिशा कच्ची असते. त्याची बाजू चित्रात जेमतेम 40 पिक्सेल, त्यामुळे एका चित्रातून दिशा साधारण तिसरा हिस्सा ते अर्धा अंश इतपतच खरी. अनेक चित्रांची सरासरी घेतली की ही थरथर कमी होते, पण शिडीवर उभ्या माणसाने मार्कर किंचित तिरपा लावला असेल तर ती चूक सरासरीने जात नाही. 20 सेंटिमीटरच्या पाटीचे एक टोक साडेतीन मिलिमीटर सरकले की झाला एक अंश. इतकी नजरचूक कोणाचीही होते.

म्हणून मार्कर जोडीने लावावेत. गल्लीच्या लांबीत एकमेकांपासून 3 मीटरवर दोन मार्कर लावले की चित्रात ते 600 पिक्सेल दूर दिसतात. दोघांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरून दिशा काढली तर अर्ध्या पिक्सेलच्या चुकीने अंशाचा विसावा हिस्साच फरक पडतो. पाटी तिरपी लागली तरी केंद्र हलत नाही, त्यामुळे लावणाऱ्याच्या हाताची चूकही निघून जाते. फक्त केंद्रे नीट मोजलेली हवीत: 3 मीटरवर 5 मिलिमीटरची चूक म्हणजे अंशाचा दहावा हिस्सा.

एका जोडीपासून दुसरी जोडी किती दूर, याचा हिशेब आता करता येतो. दृश्य 6.4 मीटर आणि जोडी 3 मीटर, म्हणजे दोन्ही मार्कर एकत्र दिसतात ते 3.4 मीटरच्या प्रवासात. लेन्सच्या कडेला चित्र वाकते, तो भाग सोडला तर अडीच मीटर. जोड्या 9 मीटरवर ठेवल्या तर मधले साडेसहा मीटर रोबो चाकांच्या भरवशावर चालतो. तेवढ्यात धरलेल्या दराने दिशा 0.65 अंश सरकते आणि रोबो सुमारे पावणेचार सेंटिमीटर बाजूला जातो. जोडीवरून घेतलेल्या दिशेतली अंशाच्या दहाव्या हिश्श्याची चूक त्यात एखादा सेंटिमीटर घालते. एकच मार्कर असता आणि तो एक अंश तिरपा असता, तर फक्त त्या तिरपेपणापायी 11 सेंटिमीटर गेले असते. 40 मीटरच्या गल्लीला पाच जोड्या, म्हणजे दहा मार्कर पुरतात. गल्लीच्या तोंडाशी मात्र, जिथे रोबो वळतो, एक जोडी जास्त द्यावी, कारण चाके सर्वांत जास्त घसरतात ती वळताना.

लावताना मार्कर छताच्या पत्र्याला नव्हे, पर्लिनला किंवा तुळईला स्क्रूने आवळावा. पत्रा दुपारी तापून हलतो. साखळीने लोंबकळता मार्कर मोठ्या पंख्याच्या वाऱ्याने झुलतो. पारदर्शक शीटखाली तर तो लावूच नये: दुपारी बाराच्या उन्हात मागून इतका उजेड येतो की मार्करची पांढरी किनार काळी दिसू लागते, आणि सकाळी नऊला उत्तम चाललेली व्यवस्था जेवणाच्या सुट्टीत आंधळी होते. मार्करची पाटी शक्यतो आडव्या पातळीत असावी. उतरत्या छपराला समांतर लावण्यापेक्षा खाली छोटी कंसपट्टी देऊन ती पातळीत आणणे बरे.

मोजणीचे काम छतावर करू नये, जमिनीवर उतरवावे. मार्करच्या केंद्रातून ओळंबा सोडावा किंवा लेझर प्लंब लावावा आणि जमिनीवर पडलेला बिंदू पेन्सिलने आखावा. मग गल्लीच्या मध्यातून एकच लांब रेषा आखून प्रत्येक बिंदूचे अंतर त्या रेषेच्या आरंभापासून मोजावे. मागच्या बिंदूपासून पुढच्याचे असे मोजत गेले तर प्रत्येक मापाची चूक पुढे साचत जाते, म्हणजे ओडोमेट्रीचाच रोग टेपला लावून घेतल्यासारखे होते. प्रत्येक मार्करची कॅमेऱ्याच्या पातळीपासूनची उंचीही नोंदवावी. उंचीत 2 सेंटिमीटरची चूक चालून जाते: मार्कर चित्राच्या मध्यापासून 2 मीटर दूर असेल तेव्हाही तिने 8 मिलिमीटरच बिघडतात.

कॅमेऱ्याचा कल मात्र चालून जात नाही. 5 मीटर उंचीवर एक अंश कल म्हणजे जमिनीवर पावणेनऊ सेंटिमीटर. ब्रॅकेट बनवताना कितीही काळजी घेतली तरी अर्धा-एक अंश राहतोच, तो मोजून काढण्याची युक्ती सोपी आहे. रोबो एका मार्करच्या बरोबर खाली उभा करावा, जागच्या जागी फिरवावा आणि प्रत्येक 45 अंशांवर थांबवून संगणकाने काढलेली जागा लिहून घ्यावी. रोबो जागचा हललेला नाही, तेव्हा आठही उत्तरे एकाच बिंदूवर यायला हवीत. कल असेल तर ती वर्तुळावर पडतात, कारण कल रोबोबरोबर फिरतो. वर्तुळाची त्रिज्या हीच कलाची चूक. वर्तुळ 6 सेंटिमीटर त्रिज्येचे आले, तर त्यात कॅमेरा चाकांच्या मध्यापासून मोजलेल्या जागी नसल्याची चूकही मिसळलेली असते. दोन्ही वेगळ्या करायच्या असतील तर हीच चाचणी कमी उंचीच्या मार्करखाली, समजा मेझनाइनखाली, पुन्हा करावी. उंचीबरोबर घटणारा भाग कलाचा, न घटणारा जागेचा. ही चाचणी रिकाम्या रोबोवर करून थांबू नये. मागे माल लादल्यावर 600 मिलिमीटर लांबीच्या चेसिसचे एक टोक 3 मिलिमीटर दबले, की छतावरून येणारे उत्तर 25 मिलिमीटर सरकते.

कॅमेरा असा बसवावा की चित्राची उजवी बाजू रोबोच्या पुढच्या दिशेला येईल. मग चित्राची खालची बाजू आपोआप रोबोच्या डावीकडे येते आणि गणित सुटसुटीत होते. लेन्सचा वाकडेपणा आधी दुरुस्त केलेला आहे असे धरून, `A` आणि `B` या मार्करांची नकाशातली जागा `X`, `Y` असेल तर:

```python
ax, ay = (uA-cx)*h/f, (vA-cy)*h/f
bx, by = (uB-cx)*h/f, (vB-cy)*h/f
th = atan2(YB-YA, XB-XA) - atan2(by-ay, bx-ax)
x = XA - (ax*cos(th) - ay*sin(th))
y = YA - (ax*sin(th) + ay*cos(th))
```

इथे `h` ही कॅमेऱ्यापासून मार्करची उंची, `th` ही रोबोची दिशा आणि `x`, `y` ही कॅमेऱ्याची जागा. एप्रिलटॅगच्या लायब्ररीतून मार्करचा तिरपेपणा आणि अंतर तयार मिळते, पण इतक्या लहान दिसणाऱ्या चौकोनाला दोन वेगवेगळे कल जवळजवळ सारखेच जुळतात आणि उत्तर एकीकडून दुसरीकडे उड्या मारते. छत पातळीत आहे आणि उंची ठाऊक आहे, तर ती माहिती वापरणेच शहाणपणाचे. शिवाय एक पडताळणी फुकट मिळते: `a` आणि `b` मधले अंतर नकाशातल्या अंतराशी जुळले पाहिजे. 3.00 मीटरऐवजी 3.06 आले तर उंची दोन टक्के चुकली आहे किंवा एखादा मार्कर सरकला आहे.

हे उत्तर ओडोमेट्रीत मिसळण्यासाठी एक्स्टेंडेड कालमन फिल्टर वापरतात. चाकांवरून जागा पुढे ढकलत राहायची, सोबत ती किती खात्रीची आहे याचाही हिशेब ठेवायचा आणि जोडी दिसली की दोघांच्या खात्रीच्या प्रमाणात दुरुस्ती करायची. आरओएस वापरणाऱ्यांनी दुरुस्ती `map` ते `odom` या रूपांतरातच द्यावी आणि `odom` ते `base_link` अखंड वाहू द्यावे. दुरुस्तीची उडी थेट मोटरच्या नियंत्रणात गेली, तर जोडीखालून जाताना रोबो दरवेळी झटका देतो.

वेळेचे भान इथे फार लागते. चित्र टिपल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत 80 मिलिसेकंद गेले, तर 1.2 मीटर वेगाने रोबो जवळजवळ 10 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून चित्राला टिपण्याच्या क्षणाची वेळ लावावी, ओडोमेट्रीचा मागचा एखादा सेकंद साठवून ठेवावा आणि दुरुस्ती त्या जुन्या क्षणाला करून पुन्हा आजवर यावे. ही चूक ओळखायची असेल तर एकाच गल्लीतून दोन्ही दिशांनी जावे. जमिनीवरच्या एकाच खुणेवर दोन उत्तरांत 20 सेंटिमीटरचा फरक दिसेल. कलामुळेही असा फरक येतो, पण रोबो थांबवल्यावर जो फरक नाहीसा होतो तो वेळेचा, जो राहतो तो कलाचा.

चित्र पुसट येऊ नये म्हणून एक्स्पोजर 3 मिलिसेकंदांच्या आत ठेवावे. सरळ चालताना 1.2 मीटर वेगाला छत सेकंदाला 240 पिक्सेल सरकते, तेवढ्या वेळात पिक्सेलही पुरा होत नाही. वळताना चित्राच्या कडेचे मार्कर याहून कितीतरी वेगाने सरकतात, तेव्हाची मोजणी सोडूनच द्यावी. इतक्या लहान एक्स्पोजरला 50 हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या काही दिव्यांची लुकलुक चित्रात पट्ट्यांसारखी उमटते. ग्लोबल शटरचा कॅमेरा घेतला तर पट्ट्या जातात, आणि चालत्या रोबोवर चित्र तिरके होण्याचा प्रश्नही सुटतो.

फिल्टरने प्रत्येक उत्तर मुकाट स्वीकारू नये. अपेक्षेपासून फारच दूर, साधारण तिप्पट प्रमाण विचलनापलीकडचे उत्तर फेटाळावे. पण या दाराला एक चोरवाट ठेवावी लागते. कोणी रोबो उचलून दुसऱ्या गल्लीत ठेवला, तर त्याला स्वतःची जागा पक्की माहीत असल्याचा भ्रम असतो आणि तो खरी उत्तरे फेटाळत राहतो. लागोपाठ दोन वेगळ्या जोड्या फेटाळल्या गेल्या आणि दोन्ही एकाच नव्या जागेकडे बोट दाखवत असतील, तर जुनी जागा टाकून नवी घ्यावी.

नंतरच्या देखभालीत सर्वांत उपयोगी पडते ती दुरुस्त्यांची वही. प्रत्येक जोडीखाली प्रत्येक रोबोला किती आणि कोणत्या बाजूला दुरुस्ती करावी लागली, ते क्रमांकासह नोंदवत जावे. एकाच जोडीखाली सगळ्या रोबोंना 4 सेंटिमीटरचा धक्का बसत असेल, तर मार्कर हलला आहे, मूळ मोजणी चुकली आहे, किंवा तिथल्या फरशीला उतार आहे. शंभरात एक उतार 5 मीटर उंचीवर 5 सेंटिमीटर देतो. एकच रोबो सगळ्या जोड्यांखाली डावीकडे ढकलावा लागत असेल, तर त्याचे एक चाक झिजले आहे आणि चौकोनाची चाचणी पुन्हा करण्याची वेळ आली आहे. मार्कर दिसण्याचेच प्रमाण घटले तर आधी लेन्स पुसावी. मार्करचे तोंड खाली असते, पण कॅमेऱ्याचे वर, आणि पर्लिनवर कबुतरे बसतात.

शेडची उंची 11-12 मीटर असेल तर हा मार्ग जसाच्या तसा नेऊ नये. त्याच लेन्सला तिथे 44 सेंटिमीटरचे मार्कर लागतात आणि एक अंश कलाची चूक 19 सेंटिमीटरवर जाते. अशा ठिकाणी दोन रॅकना जोडणाऱ्या वरच्या आडव्या पट्ट्यांवर, पाच-सहा मीटरवर मार्कर लावावेत. आणि उंची कितीही असली तरी पॅलेटखाली शिरणे किंवा चार्जिंगच्या डॉकला लागणे हे शेवटच्या अर्ध्या मीटरचे काम छताकडे सोपवू नये, त्यासाठी डॉकवरच समोर एक छोटा मार्कर लावावा.